आर्टेमिसिनिन आणि जोडऔषध

हिवतापाच्या परजीवीच्या फॅल्सिपॅरम या जातीवर एसीटी, म्हणजे दोन औषधांच्या जोडीचा उपचार दिला जातो. त्यातले मुख्य औषध आर्टेमिसिनिन गटातले असते, आणि त्याला कधीही एकटे सोडायचे नाही हा या उपचाराचा पाया आहे. दवणा कुळातल्या एका चिनी वनस्पतीपासून शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाने 1972 मध्ये हे द्रव्य वेगळे केले. त्या कामासाठी त्यांना 2015 चे नोबेल मिळाले. मुंबईत पाण्याच्या टाक्यांत आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात वाढणारा ॲनोफिलिस स्टिफेन्साय डास हिवताप पसरवतो. इथले बहुतेक रुग्ण व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीचे असतात आणि त्यांना क्लोरोक्विन व प्रायमाक्विन दिले जाते. रक्तनमुन्यात फॅल्सिपॅरम दिसला की मात्र एसीटी सुरू होते.

परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्या पचनातून लोह असलेला हीम हा घटक मोकळा होतो. तो परजीवीलाही विषारी असल्यामुळे परजीवी त्याचे स्फटिक करून ठेवतो. रक्त तपासायच्या काचपट्टीवर दिसणारा काळपट तपकिरी कण तो हाच. आर्टेमिसिनिनच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात. मोकळ्या हीममधले लोह हा जोड तोडते आणि औषधाचे अत्यंत क्रियाशील तुकडे होतात. ते हीमला आणि आसपासच्या अनेक प्रथिनांना चिकटतात. बिघडलेल्या प्रथिनांचा ढीग परजीवीला उपसता येत नाही आणि तो मरतो. निरोगी तांबड्या पेशीत लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेले असते, म्हणून तिथे औषध जवळजवळ निष्क्रिय राहते. परजीवीच्या स्वतःच्या जेवणानेच विष जागे होते, ही या औषधाची सर्वांत सुंदर गोष्ट.

त्याची उणीव म्हणजे ते टिकत नाही. रक्तातले त्याचे सक्रिय रूप साधारण तासाभरात निम्मे होते. याचा परिणाम आकड्यांत पाहावा. समजा, वडाळ्याच्या एका बांधकामावरचा प्रौढ कामगार गावाहून तापाने फणफणत परतला आहे. त्याच्या रक्ताच्या दर मायक्रोलिटरमध्ये 20,000 परजीवी आहेत आणि अंगात पाच लिटर रक्त, म्हणजे एकूण परजीवी झाले सुमारे 10,000 कोटी. परजीवीचे एक जीवनचक्र 48 तासांचे असते आणि आर्टेमिसिनिन एका चक्रात त्यांची संख्या साधारण दहा हजार पटींनी घटवते. तीन दिवसांच्या गोळ्या दोन चक्रांना गाठतात. पहिल्यानंतर उरतात एक कोटी, दुसऱ्यानंतर हजारभर. ताप उतरलेला असतो, काचपट्टीवर काही दिसत नाही, माणूस कामावर जातो. औषध एकटे असते तर हे हजार दर चक्राला दहापट वाढून दहा-बारा दिवसांत पुन्हा ताप आणण्याइतके झाले असते.

हे उरलेले हजार मारणे हे जोडऔषधाचे काम. महाराष्ट्रातल्या उपचारात प्रौढाला आर्टेमिसिनिन गटातले आर्टेसुनेट रोज 200 मिलिग्रॅम तीन दिवस, पहिल्या दिवशी त्याबरोबरच सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हे जोडऔषध, आणि दुसऱ्या दिवशी डासाकडे जाणारी लैंगिक रूपे मारायला प्रायमाक्विनचा एक डोस असतो. सल्फाडॉक्सिन रक्तात कित्येक दिवस रेंगाळते आणि परजीवीची फोलेट हे जीवनसत्त्व तयार करण्याची वाट अडवते. ही वाट हीमपेक्षा अगदी वेगळी आहे.

परजीवी औषधाला दाद देईनासा होण्याचा, म्हणजे प्रतिकाराचा, प्रश्न इथेच सुटतो. बदललेला परजीवी योगायोगाने जन्मतो, आणि संख्या जितकी मोठी तितका तो सापडण्याचा संभव जास्त. जोडऔषधाला एकट्याने 10,000 कोटींशी झुंजावे लागले, तर त्यांत एखादा चिवट असू शकतो. हजारांत तो असणे फारच दुर्मिळ. उलट, आर्टेमिसिनिनला दाद न देणारा कोणी निघालाच तर दुसरे औषध त्याला गाठते. दोन्हींतून सुटायला एकाच परजीवीत दोन स्वतंत्र बदल हवेत, आणि त्या दोन दुर्मिळ शक्यतांचा गुणाकार करावा लागतो. मात्र लांब रेंगाळण्याची किंमतही असते: शेवटच्या दिवसांत जोडऔषध कमी मात्रेत एकटेच उरते, आणि तेव्हा झालेल्या नव्या लागणीत त्याला तग धरणारे परजीवी निवडले जातात.

जोडीदार आधीच निकामी असेल तर हा गुणाकार कोसळतो. ईशान्य भारतात सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन अपुरे पडू लागले, म्हणून तिथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन ही दुसरी जोडी वापरतात. कंबोडियात केल्च-13 जनुकात बदल झालेले परजीवी पसरले. त्यांची कोवळी, अंगठीसारखी रूपे हिमोग्लोबिन कमी खातात, त्यामुळे औषध जागेच होत नाही, आणि ते रक्तातून निघून जाईपर्यंत परजीवी तगून राहतात. पुढे तिथे पिपेराक्विन हे जोडऔषधही निष्प्रभ झाले आणि उपचार फसू लागले.

केल्च-13 चा बदल एकटा असेल, तर रुग्ण बहुधा बराच होतो, फक्त परजीवी रक्तातून हळू जातात. म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा काचपट्टी घेणे महत्त्वाचे: त्या दिवशीही परजीवी दिसले तर संशय घ्यावा. 28 दिवसांच्या आत ताप परतला, तर जुन्या आणि नव्या परजीवींची जनुके ताडून पाहतात. ती वेगळी निघाली तर ती डासाने दिलेली नवी लागण असते, आणि जुळली तर उपचार फसल्याचे कळते.