फी क्लासची, कर्ज बाबांच्या नावावर

नव्वदच्या दशकात ठाण्यात किंवा वाशीत कम्प्युटरचा कोर्स लावलेल्यांना पुढच्या तारखांचे चेक आठवत असतील. प्रवेश घेताना सहा-आठ चेक सही करून संस्थेकडे द्यायचे आणि दर महिन्याला त्यातला एक वटायचा. ही उधारी संस्थेने स्वतः दिलेली असायची, त्यामुळे मुलाने मध्येच कोर्स सोडला तर फी बुडण्याची धाकधूक तिला असे. संस्थेनेच शटर ओढलं, तर उरलेले चेक थांबवायला पालक बँकेत अर्ज देत. भांडणं व्हायची, वकिलांच्या नोटिसा यायच्या, पण न शिकवलेल्या महिन्यांचे पैसे निदान आपल्या खात्यात असायचे.

आज त्याच स्टेशनबाहेरच्या क्लासमध्ये 'इझी ईएमआय'चा फॉर्म भरला की ही धाकधूक विद्यार्थ्याच्या घरी येते. ती कशी आली, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ मध्ये शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आणली. चार लाखांपर्यंत तारण नको, हप्ते शिक्षण संपल्यानंतर, आणि रक्कम एकदम न देता फी भरायची वेळ येईल तशी टप्प्याटप्प्याने. यातली टप्प्यांची अट सर्वांत मोलाची होती. मुलाने दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं तर तिसऱ्या वर्षाचं कर्ज मुळात उचललेलंच नसे. ही योजना मात्र मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी होती. २०१५ मध्ये कौशल्य प्रशिक्षणासाठी दीड लाखापर्यंतच्या कर्जाची योजना आली, तीही आयटीआय, पॉलिटेक्निक आणि सरकारी चौकटीतल्या प्रशिक्षण संस्थांपुरती. वाशी स्टेशनजवळ चौथ्या मजल्यावर डेटा अ‍ॅनालिटिक्स किंवा अ‍ॅनिमेशन शिकवणारी खासगी संस्था सहसा यात कुठेच बसत नव्हती.

ही फट भरून काढली टीव्ही आणि फ्रिज हप्त्यावर देणाऱ्या फायनान्स कंपन्यांनी. दुकानातला सौदा त्यांनी जसाच्या तसा क्लासमध्ये नेला. दुकानदार जसा व्याजाचा भाग स्वतःच्या नफ्यातून सोडतो, तसं संस्थेने सोडायचं. धंद्यात याला सबव्हेन्शन म्हणतात. ठाण्या-नवी मुंबईत हा शब्द बऱ्याच जणांनी वेगळ्या संदर्भात ऐकला असेल: 'ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरणार' ही घरांची योजना म्हणजे त्याच जातीचा प्रकार. तिथे बांधकाम न होताच बिल्डरच्या हातात पैसे पडतात, हे ध्यानात आल्यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना सांगितलं की कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसारच द्या. त्याच महिन्यात क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के हप्त्यांनाही तिने आक्षेप घेतला. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते दुसऱ्या नावाखाली लपवलेलं असतं, हा त्यामागचा मुद्दा. क्लासच्या फीला मात्र बांधकामासारखा टप्प्यांचा नियम कुणी लावला नाही. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

पुढे तंत्रज्ञानाने काम सोपं केलं. खात्यातून हप्ता आपोआप वळता करणारं नॅच आलं, मग आधारवरचं केवायसी आणि ओटीपीवरचं ई-मँडेट. कर्जाचा कागद वाचायला जो अर्धा तास मिळायचा, तो गेला. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन क्लासचा पूर आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला पालकांना जाहीर इशारा द्यावा लागला की एड-टेक कंपन्यांच्या ऑटो-डेबिटच्या संमत्यांपासून सावध राहा.

आता एक उदाहरण आकड्यांत घेऊ. घणसोलीचा एकवीस वर्षांचा मुलगा, वाशीतला सहा महिन्यांचा कोर्स, फी १,२०,००० रुपये. काउन्सेलर सांगते, "दहा हजारांचे बारा हप्ते, एक रुपयाही व्याज नाही." मुलाला पगार नाही, म्हणून पॅन आणि बँक खातं वडिलांचं. बाबा कामावर असतात, मुलगा फोन करून ओटीपी विचारून घेतो, आणि तेवढ्यात कर्जदार म्हणून बाबांची नोंद होते. बरेचदा घरच्यांना वाटतं की आपण फीचे हप्ते पाडून घेतले, आणि पावती संस्थेची असल्यामुळे तो समज टिकतोही.

फायनान्स कंपनी समजा आठ टक्के कापून १,१०,४०० रुपये लगेच संस्थेच्या खात्यात टाकते आणि वर्षभरात १,२०,००० वसूल करते. हिशोब मांडला तर हा दर वर्षाला पावणेसोळा टक्क्यांच्या आसपास जातो. ते व्याज संस्थेने फीमध्ये आधीच धरलेलं असतं, किंवा रोख भरणाऱ्याला सवलत देऊन उलट्या बाजूने दाखवलेलं असतं. रोख भरल्यास फी किती, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा.

व्याज हा तरीही किरकोळ भाग. खरी गोष्ट पुढे आहे. दोन महिन्यांनी मुलाला ऐरोलीत रात्रपाळीची नोकरी लागते आणि तो क्लास सोडतो. दोन हप्ते, म्हणजे वीस हजार गेलेले, एक लाख बाकी. कोर्सचा तिसरा भाग झालाय, म्हणजे न्यायाने चाळीस हजारांची फी लागू होते. संस्थेने ८०,००० फायनान्स कंपनीला परत केले आणि घरच्यांनी उरलेले वीस हजार भरले तर हिशोब मिटतो. पण संस्था म्हणते, फी परत मिळत नाही, फॉर्मवर लिहिलंय. शिवाय तिच्या हातात १,१०,४०० च आले होते, आणि त्यातून काउन्सेलरचं कमिशन नि जागेचं भाडं दिलेलं असतं. फायनान्स कंपनी म्हणते, आमचा करार तुमच्याशी आहे, शिकवण्याशी आमचा संबंध नाही. दोन्ही उत्तरं आपापल्या कागदानुसार बरोबर असतात. मुलाच्या डोक्यात तो एकच व्यवहार होता, पण कागदावर ते दोन स्वतंत्र करार.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम काढले, त्यातही हा गुंता सुटला नाही. रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात जावी, असा मुख्य नियम. पण ठरावीक कामासाठीचं कर्ज थेट त्या लाभार्थ्याच्या खात्यात देता येतं, असा अपवाद ठेवला. क्लासची फी नेमकी या अपवादात बसते. कर्ज घेतल्यावर विचार बदलला तर दंडाशिवाय बाहेर पडायची मुभाही दिली, सुरुवातीला किमान तीन दिवसांची. २०२५ च्या नव्या निर्देशांत ही मुदत कंपनीच्या संचालक मंडळाने ठरवायची आहे, फक्त ती एक दिवसाहून कमी नसावी. या मुभेत मुद्दल परत करावी लागते, आणि मुद्दल तर संस्थेच्या खात्यात! तिथून ती एका दिवसात परत आणायची कशी, हे काउन्सेलर सांगत नाही.

एक सुधारणा मात्र उपयोगाची झाली. ऑक्टोबर २०२४ पासून कर्जासोबत मुख्य तथ्य विवरणपत्र देणं बंधनकारक आहे. त्यात वार्षिक दर, सगळी शुल्कं आणि तक्रार कुठे करायची हे लिहिलेलं असतं. क्लासने 'हप्त्याची सोय' म्हटलेल्या गोष्टीबरोबर असा कागद आला, तर ते कर्ज आहे हे नक्की समजावं.

रागाच्या भरात घरचे खात्यात पैसेच ठेवत नाहीत. हप्ता परत गेला की बँक वेगळा दंड लावते, फायनान्स कंपनी वेगळा. उशीर बाबांच्या सिबिल अहवालात दिवसांच्या हिशोबाने नोंदवला जातो आणि नव्वद दिवस ओलांडले की खातं थकीत कर्जात जातं. दोन वर्षांनी डोंबिवलीत घर घ्यायला ते बँकेत गेले की मुलाचा अर्धवट कोर्स तिथे आडवा येतो. हप्ता थांबवण्याआधी लेखी वाद नोंदवावा तो यासाठी: संस्थेला कोर्स सोडल्याचं पत्र तारखेसह, आणि त्याची प्रत फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, 'कर्ज रद्द करून संस्थेकडून रक्कम परत घ्यावी' अशा शब्दांत. तोंडी सांगितलं तर संस्था नंतर म्हणते की मुलगा गैरहजर होता, सोडल्याचं कळवलं नाही. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. संस्थेने परतावा दिलाच, तर तो घरी रोख न घेता कर्ज खात्यात जमा करून घ्यावा आणि नाहरकत पत्र मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.

संस्थाच बंद पडली तर पत्र द्यायलाही कुणी उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली परिसरातली फिटजी या आयआयटी प्रवेशाच्या क्लासची अनेक केंद्रं अचानक बंद झाली आणि पालक पोलिसांत गेले. बायजूजच्या कंपनीविरुद्ध बंगळुरूच्या कंपनी न्यायाधिकरणाने जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. अशी प्रक्रिया सुरू झाली की कंपनीवर नवे-जुने दावे चालवण्याला स्थगिती मिळते. फी परत मागणाऱ्याला या प्रक्रियेसाठी नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे ठरलेल्या मुदतीत दावा अर्ज भरून रांगेत उभं राहावं लागतं. स्थगिती कंपनीला असते, बाबांच्या हप्त्यांना नाही. कर्ज बुडालं तर संस्थेने काही भार उचलायचा, अशी हमी फायनान्स कंपन्या पूर्वी घेत. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी तिला एकूण कर्जांच्या पाच टक्क्यांची मर्यादा घातली. त्या हमीने कंपनीचं थोडं नुकसान भरतं, कर्जदाराचं कर्ज मात्र फिटत नाही.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याने विक्रेत्याशी आधीच व्यवस्था ठरलेल्या सावकाराला अनेक व्यवहारांत विक्रेत्याइतकंच जबाबदार धरलं. आपल्याकडे असं स्पष्ट कलम नाही, पण वाट आहे. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मनु सोलंकी प्रकरणात शाळा-कॉलेजांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं, त्याच निकालात कोचिंग संस्थांना मात्र आत ठेवलं. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे संस्थेचं मुख्य कार्यालय बंगळुरूत असलं तरी ठाणे जिल्ह्यातच दाखल करावी. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. संस्था आणि फायनान्स कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करावं आणि निकाल लागेपर्यंत वसुली नि सिबिलची नोंद थांबवण्याचा अंतरिम आदेश मागावा. आयोग तो देईलच असं नाही. फायनान्स कंपनी म्हणेल, आम्ही फक्त पैसे दिले. तेव्हा काउन्सेलरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, क्लासच्या टॅबवर भरलेला फॉर्म, संस्थेच्या जाहिरातीतलं फायनान्स कंपनीचं नाव, हे दोघांचं साटंलोटं दाखवणारे पुरावे उपयोगी पडतात. संस्थेची वेबसाइट बंद पडायच्या आत त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावे लागतात.