सादरीकरणासाठी दुसरे साधन (ऑनलाइन बैठक)

एकाच खोलीतून, एकाच बैठकीत लॅपटॉपबरोबर मोबाईलही जोडण्याची पद्धत. बोलणे-ऐकणे लॅपटॉपवरच राहते. मोबाईल फक्त फोटो, नकाशा किंवा कागद दाखवतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना ही पद्धत सोयीची पडते, कारण बिघडलेल्या कास्टिंगचे फोटो मोबाईलमध्ये असतात आणि पुण्याचा ग्राहक लॅपटॉपवर.

दोन्ही साधनांचा आवाज चालू राहिला, तर प्रतिध्वनी येतो. लॅपटॉप आपल्याच स्पीकरमधून निघालेला आवाज ओळखून माईकच्या ध्वनीतून वजा करतो. पण मोबाईलच्या स्पीकरमधून काय वाजले, हे त्याला माहीत नसते. ग्राहकाचा आवाज मोबाईलवर थोडा उशिरा वाजतो, लॅपटॉपचा माईक तो नवा आवाज समजून परत पाठवतो, आणि ग्राहकाला आपलेच शब्द पुन्हा ऐकू येतात. म्हणून मोबाईलचा नुसता माईक बंद करणे पुरेसे नसते. सर्वात जास्त चूक इथेच होते: माईकवर रेघ दिसते, म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि स्पीकर चालूच राहतो.

मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये लॅपटॉपवर बैठक चालू असताना त्याच खात्याने मोबाईलवर ॲप उघडले, की वर चालू बैठकीची पट्टी दिसते. त्यातून `Add this device` निवडायचे. `Transfer to this device` निवडल्यास बैठक मोबाईलवर सरकते आणि लॅपटॉप बाहेर पडतो. जोडल्यावर मोबाईलचा माईक आपोआप बंद होतो; तरी स्पीकर `Audio off` आहे ना, हे पाहूनच पुढे जावे. मग `Share` मधून स्क्रीन दाखवता येते. मोबाईल वेगळ्या खात्याने किंवा पाहुणा म्हणून जोडला, तर टीम्सला तो दुसराच माणूस वाटतो, आणि आवाज हाताने बंद करावा लागतो. झूममध्ये त्यासाठी `Disconnect Audio` आहे. गूगल मीटच्या `Companion mode` मध्ये माईक आणि स्पीकर मुळातच बंद असतात.

समजा, कास्टिंगमधली वायूची छिद्रे दाखवायची आहेत. मोबाईलवर फोटो उघडून बोटांनी मोठा केला, की ग्राहकाला छिद्राची जागा दिसते. बोलणे मात्र लॅपटॉपसमोरच करायचे. पूर्ण स्क्रीन दिसत असल्याने आधी सूचना बंद करून ठेवाव्यात, नाहीतर दुसऱ्या ग्राहकाचा दर पडद्यावर झळकतो. व्हिडिओ दाखवताना मोबाईलचा आवाज शून्यावर ठेवावा. बैठकीचा स्पीकर बंद असला तरी व्हिडिओ स्वतः वाजतोच, आणि लॅपटॉपचा माईक तो उचलतो.

प्रतिध्वनी ज्या खोलीतून निघतो, तिथल्यांना तो बहुधा जाणवत नाही, समोरच्यांना जाणवतो. त्यामुळे आपल्याकडे सगळे ठीक आहे हा पुरावा धरू नये. ग्राहकाची तक्रार आली, की त्याला बोलत राहायला सांगून लॅपटॉपचा माईक क्षणभर बंद करावा. प्रतिध्वनी थांबला, तर लॅपटॉपचाच माईक तो पाठवत होता. मग मोबाईलचा स्पीकर तपासावा. न थांबल्यास मोबाईलचा माईक चालू राहिला आहे का ते पाहावे. तोही बंद असेल, तर दोष दुसऱ्या ठिकाणचा असतो.