‘पठितः’ आणि ‘पठित्वा’: भाषांतरात कोणते रूप कोठे?

शालेय संस्कृतात ‘क्त’ प्रत्ययान्त कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण आणि ‘क्त्वा’ प्रत्ययान्त पूर्वकालवाचक अव्यय यांची गल्लत होते, कारण पठित–पठित्वा, दृष्ट–दृष्ट्वा, उक्त–उक्त्वा या जोड्यांत धातूचे रूप जवळजवळ सारखेच दिसते. वाक्यात मात्र दोघांचे वागणे अगदी वेगळे आहे. ‘पठित’ हे विशेषण असल्यामुळे ते कोणत्या तरी नामाचे लिंग, वचन व विभक्ती घेते. ‘पठित्वा’ कोणाशीच जुळत नाही, पण त्याचा आणि मुख्य क्रियेचा कर्ता एकच असावा लागतो.

‘विद्यार्थ्याने ग्रंथ वाचून प्रश्न विचारला’ हे वाक्य घेऊ. येथे मुख्य क्रिया विचारण्याची आहे. ती ‘क्त’ रूपाने सांगायची ठरवली, तर मराठीप्रमाणेच कर्ता तृतीयेत आणि कर्म प्रथमेत जाते: छात्रेण प्रश्नः पृष्टः. ‘पृष्टः’ हे रूप ‘प्रश्नः’ या पुल्लिंगी कर्मामुळे आले. विचारलेली कथा असती, तर ‘कथा पृष्टा’ झाले असते. आता ‘वाचून’साठी ‘पठित्वा’ घातले, की ग्रंथ हे त्याचे कर्म म्हणून द्वितीयेत राहते: छात्रेण ग्रन्थं पठित्वा प्रश्नः पृष्टः. मुलांची नेमकी चूक येथे होते. शेजारी ‘प्रश्नः’ दिसल्यामुळे ती ‘ग्रन्थः पठित्वा’ लिहितात. सरावाच्या वाक्यांत बहुधा ‘पत्रम्’, ‘पुस्तकम्’ अशी नपुंसकलिंगी नामे असतात आणि त्यांची प्रथमा व द्वितीया सारखीच असल्याने ही चूक झाकली जाते. म्हणून पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी कर्म देऊनच तपासावे, असे मला वाटते.

मुख्य क्रियापद कर्तरी केले, तर कर्ताही बदलतो: छात्रः ग्रन्थं पठित्वा प्रश्नम् अपृच्छत्. कर्त्याची विभक्ती मुख्य क्रिया ठरवते, ‘पठित्वा’ नव्हे. त्यामुळे ‘छात्रेण ग्रन्थं पठित्वा प्रश्नम् अपृच्छत्’ हे वाक्य चुकीचे आहे. गत्यर्थक धातूंचे ‘क्त’ रूप मात्र कर्त्याशीही जुळते: रामः वनं गतः, सीता वनं गता.

उपसर्ग लागला की ‘क्त’ तसाच राहतो, पण ‘क्त्वा’च्या जागी ‘ल्यप्’ येतो. म्हणून ‘आगतः’ बरोबर असले, तरी ‘आगत्वा’ चालत नाही. ‘आगत्य’ किंवा ‘आगम्य’ लिहावे लागते.

समानकर्तृकत्वाची अट ‘गुरुजी आल्यावर मुले उठली’ यासारख्या वाक्यात कसाला लागते. येणारे गुरुजी आणि उठणारी मुले हे कर्ते निराळे, म्हणून ‘गुरुः आगत्य छात्राः उदतिष्ठन्’ असे लिहिता येत नाही. येथे पूर्वीची क्रिया सांगण्याचे काम ‘क्त’ रूपच सप्तमीत जाऊन करते: गुरौ आगते छात्राः उदतिष्ठन्. ‘गुरौ’ सप्तमी एकवचनात आहे, म्हणून ‘आगते’देखील सप्तमी एकवचनात आले.