खारवणे

खारवणे : फळे, भाज्या किंवा मासे मिठात अथवा मिठाच्या तीव्र द्रावणात (खारात) ठेवून टिकवण्याची पद्धत. तिचा पाया परासरण हा आहे. पाणी जाऊ देणाऱ्या पण विरघळलेले क्षार सहसा अडवणाऱ्या पातळ पटलातून पाणी विरल द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे वाहते, या क्रियेला परासरण म्हणतात. कोकणात पावसाळ्याच्या बेगमीसाठी बरणीत भरल्या जाणाऱ्या मिठातल्या कैऱ्यांच्या उदाहरणावरून ही क्रिया नीट समजते.

ताजी कैरी कडक असते, कारण तिच्या प्रत्येक पेशीतील पाणी पेशीभित्तिकेला आतून दाबून धरते. फोडींना मीठ चोळले की कापलेल्या पृष्ठभागावरील रसात ते विरघळते आणि फोडीभोवती अतिशय तीव्र खार तयार होतो. पेशीरसापेक्षा हा खार कितीतरी तीव्र असल्यामुळे पाणी पेशीबाहेर पडू लागते. भित्तिका ताठर असल्याने ती जागच्या जागी राहते, पण आतील जीवद्रव्य आक्रसून तिच्यापासून सुटते. या अवस्थेला रससंकोच म्हणतात. फोडी लवचीक होतात, आक्रसतात आणि तळाशी पाणी साचते. गृहिणी ज्याला ‘पाणी सुटणे’ म्हणतात ते हेच. पुढे पेशी मरतात, त्यांच्या पटलाची निवड करण्याची क्षमता जाते आणि मीठ गरात सर्वत्र शिरते. म्हणूनच खारट चव फोडीच्या गाभ्यापर्यंत पोचायला काही दिवस लागतात. अख्खी कैरी आरंभीच फार तीव्र खारात टाकली, तर पाणी बाहेर पडण्याचा वेग मीठ आत शिरण्याच्या वेगापेक्षा जास्त राहतो आणि साल सुरकुतते. हे टाळण्यासाठी खार टप्प्याटप्प्याने तीव्र करावा.

जिवाणू आणि बुरशी यांच्या पेशींवरही हाच परिणाम होतो. पाणी गमावलेल्या पेशीची वाढ आणि विभाजन थांबते. येथे पाण्याच्या एकूण प्रमाणापेक्षा सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे पाणी किती, हे महत्त्वाचे ठरते. ते जलसक्रियतेने मोजतात. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ असते, तर मिठाच्या संपृक्त द्रावणाची, म्हणजे सुमारे २६ टक्के खाराची, ०.७५ असते. अन्न नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते. त्यासाठी खार साधारण १४ टक्के असावा लागतो. मात्र वाढ थांबणे म्हणजे मरणे नव्हे. पाणी पुन्हा मिळाले तर यांतील अनेक जीव पूर्ववत वाढू लागतात.

खारवण्यात सर्वाधिक चूक होते ती मिठाच्या हिशेबात. १ किलो फोडींत सुमारे ८५० ग्रॅम पाणी असते, असे धरू. १ लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ घालून केलेला खार १३ टक्क्यांचा दिसतो. पण फोडी त्यात टाकल्यावर त्यांच्यातले पाणीही त्याच मिठाच्या वाट्याला येते, आणि अखेरीस १,८५० ग्रॅम पाण्यात तेच १५० ग्रॅम मीठ, म्हणजे ७.५ टक्के, उरते. शेवटी १५ टक्के हवे असतील, तर सुमारे ३२५ ग्रॅम मीठ घालावे लागते. याउलट पाणी न घालता फोडींना नुसते मीठ चोळले, तर अवघ्या १५० ग्रॅममध्ये तेवढीच तीव्रता साधते. ओला खार करण्यापेक्षा मिठाने सुटलेल्या पाण्यातच फोडी बुडवून ठेवणे अधिक भरवशाचे, ते यामुळे.

कैरीच्या बाबतीत मिठाला आंबटपणाची साथ मिळते. तिच्या आम्लतेत बॉट्युलिझम या घातक विषबाधेचा जिवाणू वाढू शकत नाही. कच्च्या फणसाच्या गऱ्यांत असे आम्ल नसते, त्यामुळे ते खारवताना मीठ कमी करून चालत नाही. कमी मिठात, साधारण ५ टक्क्यांच्या आसपास, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू तग धरतात आणि त्यांच्या आम्लामुळे भाजी आंबून टिकते. पण ती वेगळी पद्धत आहे, आणि तिच्यात आम्ल वेळेवर तयार झाले नाही तर अन्न नासते.

बरणीत ओला चमचा गेला किंवा फोडी खाराबाहेर तरंगल्या, की बिघाड बहुधा पृष्ठभागापासून सुरू होतो. तिथला खार पातळ होतो, शिवाय हवाही मिळते. पांढरी साय हे सहसा यीस्टचे लक्षण असते. ते आम्ल खाऊन टाकते आणि पुढच्या नासाडीला वाट करून देते. केसाळ बुरशी, चिकट तार धरणारा खार, बुळबुळीत फोडी किंवा कुजका वास आढळल्यास बरणीतला सगळा माल टाकून द्यावा, वरचा थर काढून भागत नाही. म्हणून फोडींवर वजन ठेवून त्या खाराखाली दाबून ठेवतात.

मीठ कितीही वाढवले तरी सर्वच जीव थांबत नाहीत. मिठागरातल्या मिठाबरोबर येणारे काही लवणप्रिय सूक्ष्मजीव संपृक्त खारातच उत्तम वाढतात, आणि खारवलेल्या मासळीवर कधी कधी दिसणारा गुलाबी थर त्यांचाच असतो.