हूड आधी, कव्हरऑल नंतर

चिप बनवणाऱ्या कारखान्यातल्या क्लीनरूममध्ये सर्वांत अस्वच्छ वस्तू म्हणजे माणूस. यंत्रं एकदा पुसून आत नेता येतात. माणूस मात्र रोज त्वचेचे कण, केस आणि थुंकीचे तुषार सोबत घेऊन येतो. आयएसओ ५ दर्जाच्या खोलीत एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३,५२० चालतात. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन असते, म्हणजे हे कण डोळ्यांना दिसतच नाहीत. उलट, चालणारा माणूस मिनिटाला काही लाख ते काही दशलक्ष कण सोडतो, असा अंदाज या क्षेत्रात सर्रास दिला जातो.

त्यामुळे आत जाण्याआधी कपडे चढवण्याची एक लेखी पद्धत असते. ती मराठीत आणायची म्हटलं की पहिला मोह होतो तो शब्द शोधण्याचा. माझ्या मते तिथे वेळ घालवू नये. हूड म्हणजे डोकं आणि मान झाकणारं टोपडं, कव्हरऑल म्हणजे गळ्यापासून पायांपर्यंतचा अखंड पोशाख. हूड, कव्हरऑल, ग्लोव्हज हे शब्द कामगार रोज वापरतात, ते तसेच राहू द्यावेत. जीव जातो तो क्रियापदांवर.

इंग्रजी सूचनेत असतं की हूडचा खालचा घेर कव्हरऑलच्या आत असावा. ‘हूड कव्हरऑलमध्ये व्यवस्थित बसवा’ असं मराठी केलं, तर वाचणारा आधी कव्हरऑल घालेल आणि मग हूडचा घेर कॉलरमध्ये कोंबेल. शेवटी दिसायला सगळं सारखंच, पण घोळ झालेला असतो: हूड ओढताना केसांतून झडलेले कण स्वच्छ कव्हरऑलच्या खांद्यांवर पडलेले असतात. क्रम डोक्याकडून पायाकडे ठेवण्याचं कारणच हे आहे. वरून पडणारं जे काही असेल, ते पडून जाईपर्यंत खालचा कपडा पाकिटात असला पाहिजे. म्हणून मराठीत लिहावं: ‘आधी हूड घाला. मग कव्हरऑल घाला. हूडचा घेर आत राहील असं बघत चेन गळ्यापर्यंत लावा.’ तीन छोटी वाक्यं, आणि कुठे गोंधळ नाही.

घेर आत का, हेही एका ओळीत सांगावं. माणूस वाकतो, हात वर करतो, तेव्हा कव्हरऑल लोहाराच्या भात्यासारखं काम करतं: आतली हवा दाबली जाते आणि मिळेल त्या फटीतून, बहुधा गळ्यातून, बाहेर पडते. तिथे हूडचं कापड आडवं असेल तर बरेचसे कण अडतात. कव्हरऑलचे पाय बुटांच्या आत आणि बाह्यांची टोकं ग्लोव्हजच्या आत घ्यायची, तीही याच कारणाने.

दुसरी अडचण ‘जमिनीला लागू न देता घाला’ या वाक्याची. भाषांतर बिनचूक, पण करायचं कसं? एका पायावर उभं राहून पूर्ण लांबीचा पोशाख चढवताना पाय किंवा बाही लोळणारच. अनुभवी माणसं दोन्ही बाह्या आणि कमरेचा भाग मुठीत गोळा करतात, पायांचं कापड गुंडाळून वर घेतात आणि मग एकेक पाय आत घालतात. मूळ मजकुरात हे नसेल तरी मराठीत घालावं, अर्थात मूळ पद्धत लिहिणाऱ्याची संमती घेऊन.

मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीतही असंच. तिथे ‘सौंदर्यप्रसाधने’ लिहिलं की कामगाराच्या डोळ्यांसमोर लिपस्टिक येते. सकाळी लावलेली टाल्कम पावडर, कपाळावरचं कुंकू किंवा अष्टगंध, केसांचं तेल, अत्तर, टिकली हे त्याला त्यात धरावंसं वाटत नाही. टाल्कम तर खनिजाची बारीक भुकटीच. ही नावं घेऊनच लिहावीत. कुंकवाचा प्रश्न नाजूक असतो, म्हणून कारणही सोबत द्यावं. घामाचंही तेच: त्यातलं सोडियम वेफरवर, म्हणजे जिच्यावर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, पोहोचलं तर ते ट्रान्झिस्टरच्या ऑक्साइड थरात सरकत राहतं आणि तो कोणत्या व्होल्टेजला सुरू होईल याचा भरवसा राहत नाही. चेहऱ्याला हात लागला की ग्लोव्हज बदलायचे, हा नियम त्यासाठी. इथे ‘शक्यतो बदलावेत’ असं सौम्य मराठी नको, ‘बदला’ हवं.

भाषांतर तपासायची सर्वांना माहीत असलेली रीत म्हणजे ते पुन्हा इंग्रजीत करून मूळाशी ताडणं. चुकलेला आकडा किंवा गाळलेली ओळ त्यात सापडते. पण ‘व्यवस्थित बसवा’सारखं वाक्य त्यातूनही सुखरूप पार होतं, कारण शब्द जुळतात. त्यापेक्षा कधीच क्लीनरूममध्ये न गेलेल्या माणसाला कागद द्यावा, सरावाचा पोशाख द्यावा, काही न सांगता बाजूला उभं राहून बघावं. तो जिथे थांबून इकडेतिकडे पाहतो किंवा बाही जमिनीला टेकवतो, त्याच्या आधीचं वाक्य पुन्हा लिहायचं.