सुपर चॅट

यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू असताना प्रेक्षकाने पैसे भरून गप्पांच्या रकान्यात टाकलेला रंगीत संदेश. ही सोय जानेवारी 2017 मध्ये आली आणि तिच्याआधीची 'फॅन फंडिंग' ही सोय त्याच वर्षी बंद झाली. कलाकाराला चाहत्याकडून मिळणाऱ्या छोट्या बक्षिसीचा, म्हणजे टिपचा, हा बराच रुळलेला ऑनलाइन प्रकार आहे.

तमाशातला दौलतजादा ठाऊक असलेल्याला यातली कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पैसे देणाऱ्याचे नाव सर्वांसमक्ष पुकारले जाते आणि पैसे मोजले जातात ते बऱ्याच अंशी त्या पुकाऱ्याचे. सुपर चॅटमध्ये तो पुकारा दराने बांधलेला आहे. अमेरिकी दरपत्रकात 2 डॉलरच्या आत दिले तर नुसता रंग मिळतो, संदेश लिहिता येत नाही. 5 डॉलरला संदेश दोन मिनिटे रकान्याच्या माथ्यावर राहतो, 100 डॉलरला एक तास आणि 500 डॉलरला पाच तास. प्रक्षेपण त्याआधी संपले तर उरलेला वेळ वाया जातो.

यूट्यूब यातला 30 टक्के वाटा ठेवते आणि 70 टक्के निर्मात्याला देते. मात्र हे 70 टक्के पडद्यावर दिसणाऱ्या रकमेचे नसतात. स्थानिक विक्रीकर आधी वजा होतो. आयफोनवरच्या अॅपमधून पैसे आले असतील, तर अॅप स्टोअरचे शुल्कही आधीच निघते. उरलेल्या रकमेची मग वाटणी होते. कार्डाच्या व्यवहाराचा खर्च यूट्यूब आपल्या वाट्यातून सोसते.

समजा, भारतातल्या एका प्रेक्षकाने 118 रुपये दिले आणि त्यात 18 टक्के जीएसटी धरलेला आहे. 18 रुपये करात गेले, उरले 100. संगणकावरून पैसे भरले असतील तर निर्मात्याचे 70 होतात. तेच पैसे आयफोनच्या अॅपमधून आले आणि अॅप स्टोअरने नेहमीच्या दराने 30 टक्के घेतले, तर वाटणीला 70 रुपयेच उरतात आणि निर्मात्याला 49 मिळतात. प्रेक्षक आणि रक्कम तीच, तरी केवळ पैसे भरण्याच्या वाटेमुळे 21 रुपयांचा फरक पडतो. म्हणून काही निर्माते प्रेक्षकांना अॅपऐवजी ब्राउझरमधून पैसे द्यायला सांगतात. ही विनंती कंजूषपणाची वाटते खरी, पण हिशेब त्यांच्या बाजूने आहे.

अमेरिकेतल्या प्रेक्षकाकडून आलेल्या पैशांवर आणखी एक कात्री लागते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाने गावाकडच्या वाहिनीला सुपर चॅट पाठवला, तर ते अमेरिकी प्रेक्षकाकडून आलेले उत्पन्न ठरते आणि त्यातून तिथला कर कापला जातो. भारतातल्या निर्मात्याने कराचा फॉर्म भरून दोन्ही देशांमधल्या कराराचा लाभ घेतला असेल, तर हा दर 15 टक्के असतो आणि तो फक्त अमेरिकेतून आलेल्या भागाला लागतो. फॉर्म भरलाच नाही, तर जगभरच्या एकूण कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. महिन्याच्या 1000 डॉलरपैकी 100 अमेरिकेतले असतील, तर फॉर्म भरणाऱ्याचे 15 डॉलर जातात, न भरणाऱ्याचे 240 पर्यंत. पैसे का घटले हे न कळलेल्या निर्मात्याने सर्वांत आधी हा फॉर्म तपासावा.

जमलेले पैसे लगेच हाती येत नाहीत. महिन्याचा हिशेब पुढच्या महिन्यात अॅडसेन्स खात्यावर चढतो आणि शिल्लक 100 डॉलर झाली की साधारण 21 ते 26 तारखेच्या दरम्यान बँकेकडे रवाना होते. लहान वाहिनीला ही मर्यादा गाठायला कित्येक महिने लागू शकतात. मधल्या काळात एखाद्या प्रेक्षकाला पैसे परत दिले गेले, तर निर्मात्याचा वाटाही खात्यातून वळता होतो. म्हणून चोरीच्या कार्डावरून आलेला एखादा भला मोठा सुपर चॅट पाहून आधीच खर्च करून बसणे महागात पडते.

या कपाती टाळण्यासाठी भारतात बरेच जण पडद्याच्या कोपऱ्यात यूपीआयचा क्यूआर कोड लावतात. एका व्यक्तीच्या खात्यातून दुसरीच्या खात्यात गेलेल्या अशा रकमेतून यूट्यूबला काही मिळत नाही आणि दिलेले 100 रुपये पूर्ण 100 पोचतात. पण ते क्षणात पोचले तरी प्रेक्षकाचे नाव रकान्यात झळकत नाही. ते झळकवायचे तर वेगळी सूचना-सेवा जोडावी लागते आणि अशा सेवांचा स्वतःचा आकार असू शकतो. शिवाय पैसे देणाऱ्याला निर्मात्याचे बँकेतले खरे नाव दिसते, ही टोपणनावाने काम करणाऱ्यांची अडचण. 'पाठवले' असा बनावट स्क्रीनशॉट दाखवून नाव पुकारून घेणारेही असतात. त्यामुळे नाव घेण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये जमा रक्कम पाहिलेली बरी. आयकराच्या दृष्टीने मात्र दोन्ही वाटांनी आलेला पैसा उत्पन्नच आहे.