थकलेल्या भाड्याची नोटीस: तारखा, रकमा आणि दोन महिन्यांची मुदत
इंदूरमधील घरमालकांसाठी माहितीपत्रक

भाडे थकले की घरमालक आमच्याकडे येतात आणि पहिली मागणी असते, "पंधरा दिवसांत पैसे द्या, नाहीतर घर खाली करा, अशी कडक नोटीस पाठवा." अशी नोटीस आम्ही लिहून देत नाही. इंदूरमध्ये मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 लागू आहे. त्याच्या कलम 12(1)(क) प्रमाणे, मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत किरायादाराने पूर्ण थकबाकी दिली नाही किंवा देऊ केली नाही, तरच थकबाकीच्या कारणावर घर खाली करण्याचा दावा लावता येतो. नोटिसीत पंधरा दिवस लिहिले म्हणून ही मुदत कमी होत नाही, उलट समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

रक्कम कशी मांडायची

एक उदाहरण घेऊ. सुदामा नगरातील वरच्या मजल्याचे भाडे दरमहा 12,000 रुपये, पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत द्यायचे. मार्च 2025 पर्यंतचे भाडे मिळाले. एप्रिलपोटी फक्त 5,000 आले, त्यानंतर ऑगस्टपर्यंत काहीच नाही. मग 8 सप्टेंबरच्या नोटिसीत हिशेब असा येतो:

"एप्रिल 2025 चे उर्वरित भाडे 7,000 रुपये, मे, जून, जुलै व ऑगस्ट 2025 चे दरमहा 12,000 प्रमाणे 48,000 रुपये, एकूण 55,000 रुपये. ही संपूर्ण रक्कम आपण ही नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत द्यावी. न दिल्यास घर खाली करून घेण्यासाठी व थकबाकीच्या वसुलीसाठी न्यायालयात दावा दाखल करण्यात येईल."

सप्टेंबरचे भाडे यात नाही, कारण ते अजून देय झालेले नाही. विजेचे बिल थकले असेल तर ते वेगळ्या परिच्छेदात मागावे, भाड्याच्या बेरजेत मिसळू नये. तीन वर्षांपेक्षा जुने भाडे मुदतबाह्य असते. रागाच्या भरात तेही जोडले की मागितलेली रक्कम खरी किती, यावरच वाद सुरू होतो. डिपॉझिटसाठी करारनामा पाहावा लागतो. "घर सोडताना परत" असे लिहिले असेल तर ते थकबाकीत वळते केलेले नाही, हे नोटिसीत स्पष्ट लिहावे. ते आगाऊ भाडे म्हणून घेतले असेल तर आधी वजा करावे.

अखेरची तारीख

मुदत नोटिसीवरच्या तारखेपासून नव्हे, किरायादाराच्या हातात ती पडल्यापासून मोजतात. वरची नोटीस 12 सप्टेंबरला पोचली, तर त्याला 12 नोव्हेंबर 2025 पर्यंत वेळ आहे. त्याआधी दावा लावू नये. म्हणूनच आम्ही नोटिसीत कॅलेंडरची तारीख न घालता "मिळाल्यापासून दोन महिने" असेच लिहितो.

आता ती कधी मिळाली, हे सिद्ध करणारा कागद फार मोलाचा. टपालाची रसीद, सही असलेली पोचपावती आणि वितरणाच्या नोंदीची छापील प्रत एकत्र ठेवा. लिफाफा "लेने से इनकार" असा शेरा मारून परत आला तर घाबरू नका: पत्ता बरोबर असेल तर न्यायालय सहसा नोटीस बजावली गेली असे मानते. तो लिफाफा मात्र फोडू नका, आहे तसाच आमच्याकडे आणा. आणि नोटीस करारनाम्यात ज्याचे नाव आहे त्याच्याच नावाने जायला हवी. रोजचे बोलणे घरातल्या दुसऱ्या कोणाशी होत असले तरीही.

मुदतीत पैसे आले तर

पूर्ण 55,000 रुपये देऊ केले तर घ्यावेच लागतात. "आता नको, घरच खाली करा" म्हणून परत पाठवलेत तर त्याने पैसे देऊ केले असेच धरले जाईल आणि दाव्याचे कारण हातचे जाईल. 20 ऑक्टोबरला त्याने 30,000 दिले, तर ते घ्या आणि रसीदेवर लिहा: "एप्रिलपासूनच्या थकबाकीपोटी 30,000 मिळाले, बाकी 25,000." नुसते "भाडे मिळाले" लिहिलेली रसीद पुढे नडते. 12 नोव्हेंबरपर्यंत बाकीचे 25,000 आले नाहीत, तर दाव्याचे कारण कायम राहते.

या काळात पाणी किंवा वीज तोडू नका, कुलूप बदलू नका. कायद्याने ते मना आहे, आणि तक्रार करण्याची पाळी मग किरायादाराची येते.

दाव्यानंतर

हे आधीच सांगितलेले बरे: दावा लागल्यावरही किरायादार घर वाचवू शकतो. समन्स मिळाल्यापासून एक महिन्यात त्याने थकबाकी न्यायालयात भरली आणि पुढे दर महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरत राहिला, तर फक्त थकबाकीच्या कारणावर घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. आपले पैसे मात्र आपल्याला मिळतात. ही सवलत एकदा घेऊन त्याने पुन्हा सलग तीन महिने भाडे थकवले, तर ती दुसऱ्यांदा मिळत नाही. त्यामुळे पहिल्या दाव्याची फाइल निकालानंतरही जपून ठेवा.

नोटिसीसाठी येताना करारनामा, मागच्या रसीदा किंवा बँकेचे पासबुक आणि किरायादाराचा पूर्ण पत्ता घेऊन या.